बँक लोनची फाईल सारखी परत पाठवते? आधी कलम १८० कुठे अडकलंय ते बघा

हा प्रॉब्लेम मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कंपनीला टर्म लोन मंजूर झालेलं असतं, सँक्शन लेटरवर सह्या झालेल्या असतात, मशीनवाल्याला ॲडव्हान्स पण गेलेला असतो, आणि बँकेचा पॅनल वकील फाईल परत पाठवतो, "कलम १८० खाली स्पेशल रेझोल्यूशन लावा." हे २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम, मर्यादेबाहेर कर्ज घ्यायला किंवा मोठं युनिट विकायला शेअरहोल्डर्सचा विशेष ठराव मागणारं. कंपनीवाले काहीतरी कागद लावतात, फाईल पुन्हा परत, मग दुसरा कागद, पुन्हा परत. शेवटी चिडून मला फोन येतो की वकील मुद्दाम त्रास देतोय. बहुतेक वेळा वकील बरोबर असतो हो, फक्त तो नीट सांगत नाही की नेमकं काय हवंय.

गेल्या वर्षीची एक केस सांगतो, कारण तिच्यात जवळजवळ सगळ्या चुका एकाच ठिकाणी होत्या. महापेची कंपनी, रबराचे पार्ट्स बनवते. नावात प्रायव्हेट लिमिटेड. मुख्य कारखाना महापेला आणि एक जुनं मोल्डिंग युनिट ठाण्यात वागळे इस्टेटला. बँकेकडून ५ कोटींचं नवीन टर्म लोन घ्यायचं होतं आणि त्याच दरम्यान वागळेचं युनिट विकायचं पण चाललं होतं. फाईल तीनदा परत आलेली.

पहिल्यांदा त्यांनी काय लावलं तर एक पत्र, की आम्ही प्रायव्हेट कंपनी आहोत, आम्हाला कलम १८० लागू नाही. आता हे अर्धं खरं आहे. ५ जून २०१५ च्या नोटिफिकेशनने प्रायव्हेट कंपन्यांना या कलमातून सूट दिलीय, आणि १३ जून २०१७ ला त्यात अट घातली की बॅलन्सशीट आणि ॲन्युअल रिटर्न भरण्यात डिफॉल्ट असेल तर ही सूट मिळणार नाही. यांचे रिटर्न्स सगळे वेळेवर होते, त्यामुळे अकाउंटंट साहेब एकदम निवांत. मी मेंबर्सचं रजिस्टर मागितलं, तर पहिल्याच ओळीत ५१ टक्के शेअर्स एका पब्लिक लिमिटेड कंपनीच्या नावावर.

"हे कधीपासून?"

"झाली की तीन वर्षं. पण साहेब, नावात अजून प्रायव्हेटच आहे हो, आर्टिकल्स पण तेच आहेत."

इथेच सगळा घोळ. अर्ध्याहून जास्त व्होट्स दुसऱ्या कंपनीकडे असले की आपण तिची सबसिडिअरी, आणि पब्लिक कंपनीची सबसिडिअरी असलेली कंपनी, नाव आणि आर्टिकल्स काहीही म्हणोत, कलम २(७१) प्रमाणे कायद्याच्या दृष्टीने पब्लिकच धरली जाते. म्हणजे २०१५ ची सूट गेली. वकिलाने परत पाठवताना फक्त "एक्झेम्प्शन नॉट ॲप्लिकेबल" एवढंच लिहिलं होतं, का ते नाही, म्हणून इकडे सगळे आठवडाभर त्याला शिव्या देत बसले. तेव्हा तुमची फाईल अडकली असेल तर बॅलन्सशीटच्याही आधी शेअरहोल्डिंग बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्यांदा त्यांनी अकाउंटंटच्या सहीचं सर्टिफिकेट लावलं की कर्ज लिमिटच्या आत आहे, सबब ठरावाची गरजच नाही. यातला हिशोब जरा सावकाश बघू, कारण फसगत इथेच सगळ्यात जास्त होते.

नियम साधा आहे. पेड-अप कॅपिटल, फ्री रिझर्व्ह आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांची बेरीज ही बोर्डाची मर्यादा. आधीचं कर्ज आणि नवं कर्ज मिळून त्याच्या वर जात असेल तर बोर्ड स्वतःच्या अखत्यारीत घेऊ शकत नाही, शेअरहोल्डर्सचं स्पेशल रेझोल्यूशन लागतं. या कंपनीचं पेड-अप ४ कोटी, प्रीमियम २ कोटी, आणि अकाउंटंटने रिझर्व्ह धरले १४ कोटी. झाले २० कोटी. कर्जाच्या बाजूला त्याने धरलं जुनं टर्म लोन ११ कोटी अधिक नवीन ५ कोटी, म्हणजे १६. वीसात सोळा आरामात बसतात, सर्टिफिकेट तयार.

पण त्या १४ कोटीत ५ कोटी रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह होता. महापेच्या प्लॉटची किंमत बॅलन्सशीटमध्ये वाढवून दाखवली होती, त्याचा. फ्री रिझर्व्ह म्हणजे शेवटच्या ऑडिटेड बॅलन्सशीटप्रमाणे डिव्हिडंड म्हणून वाटता येईल असा रिझर्व्ह, आणि कागदावर वाढलेल्या जमिनीच्या किमतीतून डिव्हिडंड वाटता येत नाही. त्यामुळे फ्री रिझर्व्ह ९ कोटीच, आणि मर्यादा २० नाही, १५.

आता कर्जाची बाजू. त्या ५१ टक्केवाल्या पब्लिक कंपनीने, म्हणजे होल्डिंग कंपनीने, अडीच कोटी दिलेले होते, ते अकाउंटंटने सोडूनच दिले. विचारलं तर म्हणाला, ते मागतील तेव्हा परत द्यायचे आहेत, म्हणजे टेंपररी लोन झालं ना. कायद्यात टेंपररी लोन वगळलंय हे खरं, आणि मागताक्षणी किंवा सहा महिन्यांत फेडायचं कर्ज, कॅश क्रेडिट, बिल डिस्काउंटिंग हे त्यात येतं हेही खरं, पण वगळलंय ते कंपनीच्या बँकेकडून नेहमीच्या धंद्यासाठी घेतलेलं. होल्डिंग कंपनी ही बँक नाही. डायरेक्टरने घरचे पैसे घातले तरी तेच, ते कर्जातच मोजायचे. म्हणजे ११ अधिक अडीच अधिक ५, साडेअठरा कोटी. मर्यादा पंधरा. साडेतीन कोटींनी बाहेर.

आणि कॅश क्रेडिट? त्याचं लिमिट ६ कोटी होतं आणि ते बाहेर ठेवायचं हे बरोबर, पण मी सवयीप्रमाणे कॅश क्रेडिटचं स्टेटमेंट मागवलं. त्यात एका तारखेला १ कोटी २० लाखांची एक एंट्री, नव्या प्रेसच्या सप्लायरला. हेच ते मशीन ज्याच्यासाठी टर्म लोन घेतायत, त्याचं मार्जिन कॅश क्रेडिटमधून भरलं होतं. कॅपिटल खर्चासाठी उचललेलं कर्ज टेंपररी धरता येत नाही असं कायदाच म्हणतो, त्यामुळे मी ते १ कोटी २० लाख पण आत घेतले. १९ कोटी ७० लाख झाले. कोणी म्हणेल की एवढं कोण बघतं, तर बँक बघते, ते स्टेटमेंट तिचंच आहे.

बँक एवढी का ताणते याला कारण आहे. मर्यादेबाहेरचं कर्ज कंपनीवर बंधनकारकच राहत नाही, जोपर्यंत कर्ज देणारा सिद्ध करत नाही की मी चांगल्या हेतूने दिलं आणि मर्यादा ओलांडलीय हे मला माहीत नव्हतं. आता ज्या बँकेकडे तुमची ऑडिटेड बॅलन्सशीट आहे, कॅश क्रेडिटचं खातं आहे, जुन्या टर्म लोनचं खातं आहे, ती कुठल्या तोंडाने म्हणणार की मला माहीत नव्हतं? म्हणून वकील अडून बसतो.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी खरंच सभा घेऊन स्पेशल रेझोल्यूशन केलं, तरी फाईल परत. ठरावात लिहिलं होतं की बोर्डाला "योग्य वाटेल तेवढी" रक्कम कर्जाऊ घेण्याचा अधिकार देण्यात येत आहे. हे चालत नाही. कर्जाच्या ठरावात एकूण किती रकमेपर्यंत, तो आकडा पाहिजेच. आणि आकडा लिहितानाही एक गंमत होते, लोक लिहितात "कॅपिटल आणि रिझर्व्हच्या वर २५ कोटी". मग दरवर्षी रिझर्व्ह बदलला की मर्यादा पण हलते आणि वकील विचारतो नक्की किती. सरळ लिहा की कर्ज कॅपिटल, फ्री रिझर्व्ह आणि प्रीमियमच्या बेरजेपेक्षा जास्त झालं तरी चालेल, पण कुठल्याही एका वेळी एकूण बाकी २५ कोटींच्या वर जाणार नाही. आम्ही २५ धरले, कारण २० धरले असते तर पुढच्याच टॉप-अपला परत हीच वरात निघाली असती, आणि ५० धरले असते तर घरातलेच लोक बिथरले असते.

घरातले म्हणजे बाकीचे ४९ टक्के. काकांकडे २९, आणि पुतण्या व त्याच्या घरचे मिळून २०. पुतण्या एमडी. होल्डिंगवाल्यांना वाटत होतं आमचे ५१ आहेत, ठराव आमच्या खिशात. तसं नसतं. १९५६ च्या जुन्या कायद्यात कलम २९३ खाली साधा ठराव पुरायचा, साधं बहुमत. १२ सप्टेंबर २०१३ पासून कलम १८० आलं आणि स्पेशल रेझोल्यूशन लागायला लागलं, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट. (अजूनही एखादा क्लायंट २९३ चा पिवळा पडलेला ठराव काढून दाखवतो. ते ठराव सरकारने फक्त एक वर्ष, ११ सप्टेंबर २०१४ पर्यंत, चालवून घेतले होते.) तिप्पटचं गणित इथे लावा, काका विरोधात गेले तर बाजूने ७१ आणि विरोधात २९, एकोणतीस त्रिक सत्याऐंशी, ठराव पडला. काका आलेच नाहीत किंवा गप्प बसले तर मात्र ७१ विरुद्ध शून्य, पास. मोजतात ती पडलेली मतं, एकूण शेअर्स नाही. आधीच्या त्या बिनआकड्याच्या ठरावाला काका आलेच नव्हते, म्हणून तो पास झाला होता आणि सगळ्यांना वाटलं काम सोपं आहे.

या वेळी काका येणार होते, कारण नोटिशीत वागळेचं युनिट विकायचा विषय पण होता आणि ते युनिट त्यांनी उभं केलेलं.

विक्रीचं वेगळं सांगतो. सुरुवातीला पुतण्याचं म्हणणं होतं की युनिट विकतच नाही, फक्त चार प्रेस विकतोय, दीड कोटीच्या आत, त्याला कसला आलाय ठराव. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ऑफशोअर सप्लायच्या एका केसमध्ये सांगितलंय की अंडरटेकिंग म्हणजे चालता धंदा, सुटी मालमत्ता नव्हे. पण तो जुन्या कायद्यावरचा निकाल. २०१३ च्या कायद्याने आकडे घालून दिलेत आणि आता आधी ते लावून बघायचे.

दोन पायऱ्या आहेत. आधी विचारायचं, हे युनिट अंडरटेकिंग आहे का. मागच्या वर्षाच्या ऑडिटेड बॅलन्सशीटप्रमाणे त्यात नेटवर्थच्या २० टक्क्यांहून जास्त गुंतवणूक असेल, किंवा कंपनीच्या एकूण उत्पन्नातलं २० टक्के ते आणत असेल, तर आहे. दोन्हीपैकी एक पुरतं. या कंपनीचं नेटवर्थ पण १५ कोटीच येत होतं, २० टक्के म्हणजे ३ कोटी, आणि वागळेत ३ कोटी ८० लाख अडकलेले. उत्पन्न बघायची गरजच पडली नाही. मग दुसरी पायरी, त्या युनिटच्या किमतीच्या २० टक्के किंवा जास्त भाग एका आर्थिक वर्षात जातोय का. चार प्रेसची बॅलन्सशीटमधली किंमत ९० लाख. ३ कोटी ८० लाखांचे २० टक्के म्हणजे ७६ लाख. नव्वद जास्त, ठराव लागतो.

पुतण्याने लगेच विचारलं, मग तीनच विकू आत्ता आणि चौथी दिवाळीनंतर? दिवाळीनंतर म्हणजे त्याच आर्थिक वर्षात, बेरीज तीच होणार. आणि मार्च-एप्रिल असे तुकडे पाडले तरी खरेदीदार एक, बोलणी एक, करार एक, तर नंतर कोणी कोर्टात गेलं की ते एकच व्यवहार म्हणून दाखवणं अवघड नाही. मी तरी अशा तुकड्यांवर सही करत नाही. शिवाय खरेदीदाराचा वकील पण ठराव मागतोच. चांगल्या हेतूने घेणाऱ्याचा मालकी हक्क कायदा सांभाळतो, पण बॅलन्सशीट चाळून झाल्यावर मला काही माहीत नव्हतं हे त्यालाही म्हणता येत नाही. हे सगळं झाल्यावर खरेदीदारच म्हणाला की मग अख्खं युनिटच द्या, मोल्ड्स, कामगार, ऑर्डर्स सकट, ५ कोटींना. एमआयडीसीची ट्रान्सफरची परवानगी हा वेगळा रस्ता, त्यात इथे शिरत नाही.

सभेची तारीख काढताना पण एक चूक नेहमी होते. एकवीस दिवसांची नोटीस म्हणजे मधे पूर्ण एकवीस दिवस मोकळे. पोस्टाने पाठवली तर टाकल्यापासून ४८ तासांनी पोचली असं धरतात, तो पोचल्याचा दिवस सोडायचा आणि सभेचा दिवस पण सोडायचा. आम्ही १ फेब्रुवारीला पोस्टात टाकली, ३ ला पोचली धरली, ४ ते २४ असे एकवीस, सभा २५ ला. त्यांच्या ऑफिसने आधी २२ तारीख टाकली होती. कमी मुदतीची नोटीस चालते, पण अशा सभेसाठी निम्म्याहून जास्त मेंबर्स आणि शिवाय ९५ टक्के कॅपिटल अशी संमती लागते, आणि २९ टक्केवाले काका रुसलेले असताना ती कुठून आणणार. युनिट विक्रीचा ठराव एरवी पोस्टल बॅलटचा विषय आहे, पण मेंबर्स २०० पर्यंत असतील तर त्याची सक्ती नाही, आणि इथे मेंबर्स होते पाच.

सभा महापेलाच, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत. काका ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने घणसोलीला उतरून रिक्षाने आले, गाडी पाठवतो म्हटलं तरी नको म्हणाले. हातात नोटिशीची प्रत आणि त्यावर पेन्सिलने खुणा. कर्जाच्या ठरावावर एक शब्द बोलले नाहीत. विक्रीवर आले तेव्हा होल्डिंगच्या प्रतिनिधीकडे न बघता मला विचारलं, "पाच कोटी येणार, मग यांचे अडीच पहिल्यांदा काढून घेणार ना हे?"

खरं तर तोच प्लॅन होता. कोणी बोललं नाही.

इथे कलम १८० चं एक पोटकलम कामाला येतं जे फारसं कोणी वापरत नाही. युनिट विकायच्या ठरावातच शेअरहोल्डर्स अटी घालू शकतात, विक्रीचे पैसे कुठे वापरायचे त्याच्यासकट. मी सुचवलं की ठरावातच लिहा, पहिले ३ कोटी बँकेच्या जुन्या टर्म लोनमध्ये जातील, बाकीचे महापेच्या नव्या लाईनला, आणि होल्डिंगचं कर्ज बारा महिने या पैशातून फेडलं जाणार नाही. होल्डिंगच्या माणसाने बाहेर जाऊन वीस मिनिटं फोन केला. परत येऊन म्हणाला, चालेल. नोटिशीतल्या मसुद्यात ही अट नव्हती, पण विषय तोच आणि अट विक्रीच्या अधिकाराला आवळणारी, वाढवणारी नाही, म्हणून सभेतच दुरुस्ती करून घेतली आणि मिनिट्समध्ये दुरुस्तीचा ठराव वेगळा लिहिला. काकांनी दोन्ही ठरावांना हात वर केला.

याने एक फायदा असा पण झाला की ३ कोटी फिटल्यावर कर्जाची बाकी १९ कोटी ७० लाखांवरून १६ कोटी ७० लाखांवर येते, म्हणजे २५ च्या मर्यादेत पुढच्या कर्जाला बऱ्यापैकी जागा राहते.

मग राहिले कागद. सभेतले सगळे ठराव `MGT-14` फॉर्मने आरओसीकडे ३० दिवसांत भरायचे, आमची शेवटची तारीख २७ मार्च होती, आम्ही ४ मार्चलाच भरला, कारण बँक ठरावाच्या सहीच्या प्रतीवर समाधानी होत नाही, तिला फॉर्म आणि चलन दोन्ही लागतं. बँकेने महापेच्या प्लॉटवर मॉर्गेज मागितलं होतं, त्यासाठी आणखी एक ठराव १८०(१)(ए) खाली त्याच सभेत करून ठेवला होता. मॉर्गेज म्हणजे विक्री नाही असं म्हणणारे निकाल आहेत, पण बँकेशी त्यावर वाद घालण्यात महिना जातो, ठरावाला दोन ओळी लागतात. आणि एवढं सगळं झाल्यावर बोर्डाची मीटिंग वेगळी घ्यायची, प्रत्यक्ष कर्ज घ्यायचा ठराव बोर्डाचाच असतो आणि तो मीटिंगमध्येच करावा लागतो, सर्क्युलर फिरवून सह्या घेऊन नाही. पुतण्याने तो व्हॉट्सॲपवर फिरवायला सुरुवात केली होती, थांबवला.

फाईल चौथ्यांदा गेली ती परत आली नाही. डिस्बर्समेंट व्हायच्या आदल्या दिवशी वकिलाचा एकच प्रश्न आला, मेंबर्सच्या रजिस्टरची ताजी प्रत आहे का.